नाकाच्या छतावरची चाळणी

दुचाकी घसरून माणूस मागच्या मागे पडतो आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटतो. क्षणभर अंधारी येते, मग तो उठून बसतो. रुग्णालयात सीटी स्कॅन होतो. हाड मोडलेलं नाही, रक्तस्राव नाही. एक रात्र ठेवून घरी सोडतात. चार-पाच दिवसांनी तो जेवताना कुरकुर करायला लागतो की आमटीला चव नाही, चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी. घरातल्यांना वाटतं, औषधांमुळे तोंड कडू झालं असेल. आणखी महिनाभराने गॅसवर दूध करपून जातं, शेजारच्या खोलीतले ओरडत येतात आणि हा शेगडीपासून तीन फुटांवर शांत बसलेला असतो. तेव्हा कुठे लक्षात येतं की याची चव गेलेली नाही, वास गेला आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे येणाऱ्या रुग्णांमधला हा अगदी ठरलेला नमुना आहे. यात दोन गोष्टी कोड्यात टाकतात. मार डोक्याच्या मागच्या बाजूला बसला आणि बिघाड नाकाच्या मुळाशी झाला. आणि स्कॅनमध्ये काहीही मोडलेलं दिसत नाही. या दोन्हींचं उत्तर कवटीच्या तळाशी असलेल्या जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर लांबीच्या एका हाडाच्या पट्टीत आहे. तिथपर्यंत जायचं तर वासाबरोबरच जायला हवं. त्यासाठी मी गॅस सिलिंडरचा वास निवडतो, कारण तो प्रत्येक घराला ओळखीचा आहे.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. ते कणभर पुरतं. हवेच्या अब्जभर रेणूंमागे त्याचा एखाद-दुसरा रेणू असला तरी निरोगी नाक बिचकतं. गळती धोक्याच्या पातळीच्या बरीच खाली असतानाच माणसाला जाग यावी, हा त्यामागचा हेतू.

हे रेणू श्वासाबरोबर नाकपुडीत शिरतात, पण त्यातले बहुतेक वाया जातात. नाक बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत फार खोल आहे. नाकपुडीतून घशाकडे जाणारा मुख्य रस्ता जवळजवळ आडवा, टाळूला समांतर जातो. साध्या श्वासातली बहुतांश हवा त्याच रस्त्याने फुप्फुसाकडे निघून जाते. वास ओळखणारी जागा मात्र या रस्त्यावर नाही. ती वर छताशी आहे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाच्या आत. तिथे जाणारी फट मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंद आहे आणि साध्या श्वासातला साधारण दहावा हिस्साच तिथवर पोचतो. म्हणून वास घ्यायचा म्हटलं की आपण न शिकवता दोन-तीनदा झपाझप हुंगतो. हुंगल्याने हवेचा वेग वाढतो, तिच्यात भोवरे होतात आणि जास्त हवा वरच्या फटीत ढकलली जाते. सर्दीत वास जातो तो बऱ्याचदा याच कारणाने. वरची यंत्रणा शाबूत असते, पण सुजलेल्या आवरणामुळे फट बुजते आणि रेणू दाराशीच अडतात.

त्या फटीला दुसरीकडूनही वाट आहे, घशाच्या बाजूने. घास चावताना आणि गिळताना अन्नातले उडणारे रेणू टाळूच्या मागून वर चढतात. जीभ खारट, गोड, आंबट, कडू आणि मांसाहारात किंवा सुक्या बोंबलात जाणवणारी ती उमामी चव, एवढंच सांगते. तिखटपणा ही तर चवही नव्हे, ती तोंडाची जळजळ आहे. कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी, वेलची, भाजलेलं खोबरं यांच्यातलं वेगळेपण सांगणं हे सगळं नाकाच्या छताचं काम. वास गेलेला माणूस डॉक्टरांना आधी चव गेल्याचं सांगतो, ते यामुळे. त्याला विचारावं, मीठ कळतं का, साखर कळते का? कळत असेल तर जीभ ठीक आहे, शोध वर घ्यायला हवा.

छतावरच्या त्या जागेवर एक पातळ पटल पसरलेलं असतं. त्याला आपण गंधपटल म्हणू. माणसात दोन्ही बाजूंचं मिळून ते काही चौरस सेंटीमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढं भरतं. आसपासचं नाकाचं आवरण गुलाबी असतं, हे पिवळसर दिसतं. यात मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी आहेत आणि पुढची सगळी गोष्ट या तिघींवर उभी आहे, म्हणून त्या नीट पाहून घेऊ.

पहिल्या गंधपेशी. दोन्ही बाजूंच्या मिळून त्या साठ लाख ते एक कोटीच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. या खऱ्याखुऱ्या चेतापेशी आहेत. मेंदूतल्या चेतापेशी कवटीच्या पेटीत, पाण्यात, अनेक आवरणांखाली असतात. या मात्र उघड्या हवेला भिडलेल्या आहेत. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच चेतापेशी बाहेरच्या जगाला अशा सामोऱ्या जात नाहीत. प्रत्येक पेशीचं खालचं टोक शेंबडाच्या पातळ थरात डोकावतं आणि त्या टोकाला दहा-वीस बारीक केसासारखे तंतू असतात. वरच्या टोकातून एक धागा निघून मेंदूकडे जातो. दुसऱ्या, टेकू देणाऱ्या पेशी. त्या गंधपेशींना सावरून धरतात, त्यांच्याभोवतीचं क्षारांचं प्रमाण सांभाळतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. तिसऱ्या तळाशी बसलेल्या तळपेशी. त्यांचं काम नव्या गंधपेशी घडवणं. उघड्यावर राहिल्याने गंधपेशी फार काळ टिकत नाहीत. धूर, धूळ, विषाणू यांचा मारा चालूच असतो. उंदरांमध्ये त्या एक-दोन महिन्यांत बदलल्या जातात. मेंदूतल्या चेतापेशी एकदा गेल्या की जवळजवळ गेल्याच. नाकाच्या छतावर मात्र त्या जन्मभर पुन्हा पुन्हा जन्म घेत राहतात.

आपला मर्कॅप्टनचा रेणू शेंबडाच्या थरात विरघळतो आणि गंधपेशीच्या तंतूंवरच्या ग्राहकांपाशी पोचतो. हे ग्राहक म्हणजे पेशीच्या भिंतीत बसवलेली प्रथिनं. ती नेमकी कोणती हे १९९१पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदराच्या गंधपटलातून या ग्राहकांच्या जनुकांचं भलंमोठं कुटुंब शोधून काढलं. २००४ साली दोघांना नोबेल मिळालं. उंदरात अशी सुमारे हजार जनुकं चालू स्थितीत असतात, माणसात सुमारे चारशे. एका गंधपेशीवर यातला एकाच प्रकारचा ग्राहक असतो. एक ग्राहक अनेक रेणूंना कमी-अधिक प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक ग्राहकांना जागवतो. त्यामुळे चारशे ग्राहकांच्या जुळण्यांतून असंख्य वास वेगळे ओळखता येतात. २०१६ साली एरिक ब्लॉक, हिरोआकी मात्सुनामी, हानयी झुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्कॅप्टनसारख्या लहान गंधकयुक्त रेणूंना पकडणारा एक मानवी ग्राहक दाखवून दिला. तांब्याचे आयन सोबत असले की त्याची संवेदनशीलता पुष्कळ वाढते, हेही त्यांना आढळलं. गॅसच्या वासाने आपण दचकतो त्यात शेंबडातल्या तांब्याच्या सूक्ष्म अंशाचाही हात आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

रेणू ग्राहकाला बिलगला की पेशीत रासायनिक साखळी सुरू होते, भिंतीतली दारं उघडतात, विद्युतभारित कण आत-बाहेर होतात आणि पेशीत विजेचा संकेत उठतो. आता हा संकेत वरच्या धाग्यातून मेंदूकडे जायला हवा. मध्ये कवटी आहे.

कवटीच्या तळाच्या पुढच्या भागात, दोन्ही डोळ्यांच्या खोबण्यांच्या मधोमध एथमॉइड नावाचं हाड असतं. त्याच्या वरच्या आडव्या पट्टीला डॉक्टर क्रिब्रिफॉर्म प्लेट म्हणतात. ही पट्टी म्हणजे हाडाची चाळणी आहे. एकाच वेळी ती नाकाचं छत आहे आणि मेंदूच्या खोलीची फरशी. मध्ये एक उभा कंगोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं, प्रत्येक बाजूला साधारण वीस, पण माणसागणिक कमी-जास्त. गंधपेशींचे धागे फार बारीक असतात, मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढे, आणि इतर अनेक मज्जातंतूंवर असतं तसं चरबीचं वेष्टण त्यांच्यावर नसतं. असे हजारो धागे एकत्र येऊन जुडी बनते, तिच्याभोवती खास सोबती पेशींचं आवरण असतं आणि एकेक जुडी चाळणीच्या भोकातून वर चढते. या सगळ्या जुड्या मिळून होते मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी पहिली जोडी. दृष्टीचा मज्जातंतू एकच जाड दोर असतो. वासाचा तसा नाही. तो भोकाभोकातून गेलेल्या विखुरलेल्या नाजूक जुड्यांचा आहे. पुढे जे घडतं त्याचं मूळ या रचनेत आहे.

चाळणीच्या कडेची उभी भिंत तर तिच्याहून पातळ, काही ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही जाड नसते. सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे सर्जन आधी सीटी स्कॅनवर ही भिंत किती खोल आणि किती पातळ आहे ते बघतात. खोली मोजून तिचे तीन प्रकार पाडण्याची पद्धत केरोस यांनी १९६२मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. या भिंतीपलीकडे थेट मेंदू असतो.

चाळणीच्या वर दोन्ही बाजूंना एकेक लांबट, चपटा गंधकंद असतो. हा मेंदूचाच पुढे आलेला भाग. एकाच प्रकारचा ग्राहक असलेल्या गंधपेशी पटलावर विखुरलेल्या असतात, पण त्यांचे धागे गंधकंदात येऊन ठरावीक गोळ्यांमध्येच एकवटतात. म्हणजे मर्कॅप्टनचा संकेत कंदातल्या काही ठरावीक गोळ्या पेटवतो, गुलाबाचा दुसऱ्या. तिथून संकेत पुढच्या पेशी उचलतात आणि मेंदूच्या कपाळाखालच्या पृष्ठभागावरून मागे नेतात. नजर, आवाज, स्पर्श यांचे संकेत मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाच्या थांब्यावर उतरून मग मेंदूच्या सालीकडे जातात. वासाचा संकेत त्या थांब्यावर न उतरता थेट वास ओळखणाऱ्या सालीत, भीती आणि भावना हाताळणाऱ्या अमिग्डालात आणि स्मृतीच्या उंबरठ्यावरच्या भागात पोचतो. गॅसचा वास आला की विचार करण्याआधी हात रेग्युलेटरकडे जातो, त्यामागे ही जवळची वाट आहे.

आता त्या दुचाकीस्वाराकडे वळू. मेंदू कवटीच्या आत पाण्यात असतो, कवटीला घट्ट चिकटलेला नसतो. डोकं मागे आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण मेंदू जडत्वाने हलतो, मागे जातो आणि उसळून पुढे येतो. गंधकंद मेंदूबरोबर सरकतात. चाळणी कवटीचा भाग, ती जागची हलत नाही. या दोघांमध्ये असलेल्या बारीक जुड्या ताणल्या जातात आणि चाळणीच्या वरच्या काठाशी कातरल्या जातात. कपाळावर आपटण्यापेक्षा डोक्याच्या मागे बसलेल्या माराने हे जास्त घडतं. हाड मोडायची गरज नसते, शुद्ध हरपायचीही नसते. सीटी स्कॅन हाड आणि रक्त दाखवतो. तुटलेल्या जुड्या त्यात दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि तो त्याच्या परीने खराच असतो.

तळपेशी नव्या गंधपेशी घडवतात, मग तुटलेल्याच्या जागी नवे धागे का वाढत नाहीत? ते वाढतात. धागा पुन्हा चाळणीकडे निघतो. पण जिथे तुटलं तिथे जखमेचा व्रण तयार झालेला असतो आणि त्याने भोकाचा मार्ग बुजलेला असतो. काही धागे वाट काढतात, बरेचसे अलीकडेच अडकतात. शिवाय डोक्याच्या मारात खुद्द गंधकंदाला किंवा कपाळाखालच्या मेंदूला खरचटलेलं असू शकतं. तो भाग पुन्हा उगवत नाही. त्यामुळे माराने गेलेला वास परत येणाऱ्यांची संख्या निम्म्याहून बरीच कमी आहे. जो येतो तो बहुधा पहिल्या वर्षभरात येतो आणि पुष्कळदा अर्धवट येतो.

याच्या शेजारी कोविड ठेवून पाहा. २०२० साली जगभर लाखो लोकांचा वास एका रात्रीत गेला. विषाणू गंधपेशी मारतो आणि चाळणीतून मेंदूत चढतो, अशी भीती तेव्हा होती. त्याच वर्षी हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने दाखवलं की विषाणूला आत शिरायला लागणारं प्रथिन गंधपेशींवर नाही, टेकू देणाऱ्या पेशींवर आहे. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या डॉक्टरांनी आणि पीटर मोम्बर्ट्स यांच्या गटाने कोविडने मरण पावलेल्यांच्या नाकाच्या छतावरचे नमुने मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर दुर्बिणीने घेतले. विषाणू टेकूपेशींत सापडला, गंधपेशींत नाही. टेकू गेला की गंधपेशींचे तंतू झडतात, ग्राहक घडवण्याचं काम मंदावतं आणि वास जातो. पण तळपेशी आणि वर जाणाऱ्या जुड्यांची वाट बहुतेकांत शाबूत राहते. म्हणून बहुसंख्य लोकांचा वास काही आठवड्यांत परतला. लक्षण तेच, पण बिघाड चाळणीच्या खाली होता. दुचाकीस्वाराचा चाळणीवर आहे.

काहींना परतताना वास चुकीचा येतो. कॉफी करपलेल्या किंवा कुजलेल्या वस्तूसारखी लागते, कांदा परतताना मळमळतं. पुन्हा वाढणारी गंधपेशींची फौज अजून अपुरी असते आणि काही धागे चुकीच्या गोळ्यांना जाऊन भिडले असावेत, असं मानलं जातं. रुग्ण फार हवालदिल होतात, वजन उतरतं. त्यांना एवढं सांगायलाच हवं की ही अवस्था बहुधा दुरुस्ती चालू असल्याची खूण असते. वास मुळीच नसण्यापेक्षा ती आशादायक आहे.

वास गेल्याची तपासणी घरी करायची झाली तर एका वेळी एकच नाकपुडी उघडी ठेवून, डोळे मिटून कॉफीची पूड, अंगाचा साबण, वेलची हुंगावी. एका बाजूची उणीव दुसरी बाजू झाकून टाकते, म्हणून दोन्ही वेगळ्या तपासायच्या. कापूर, अमोनिया, व्हिक्स, झोंबणारा कांदा यांनी तपासू नये. ते नाकाला झोंबतात आणि ती झोंब चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूतून जाते, चाळणीतून नाही. पूर्ण वास गेलेल्यालाही अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर याचाच उलटा उपयोग करतात: अमोनियाही मुळीच जाणवत नाही असं कुणी सांगितलं, तर तो अपघाताच्या भरपाईसाठी वाढवून बोलत असण्याची शंका घ्यायला जागा असते. रुग्णालयात वासाच्या कांड्या किंवा खरवडून हुंगायच्या पुस्तिका असतात. अमेरिकेत तयार झालेल्या चाळीस वासांच्या पुस्तिकेत रूट बिअर, बडीशेपेच्या जातीच्या शेपू घातलेली लोणची काकडी असे वास आहेत. आपल्याकडच्या माणसाने ते ओळखले नाहीत म्हणून त्याचं नाक नापास ठरवू नये. त्यानंतर दुर्बिणीने फट बघतात, मोड किंवा सूज आहे का हे त्यात दिसतं. एमआरआयमध्ये गंधकंद आणि त्यालगतचा मेंदू दिसतो.

डोक्याच्या मारानंतर एक लक्षण मात्र दुर्लक्षून चालत नाही. चाळणीला खरोखर तडा गेला आणि तिच्यावरचं मेंदूचं आवरण फाटलं, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागतं. बहुधा एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखं स्वच्छ, पुढे वाकलं की थेंब थेंब, घशात उतरलं तर खारट. सर्दीचं पाणी चिकट होतं, रुमाल वाळल्यावर कडक होतो. यात तसं होत नाही. अशा वेळी नाक शिंकरू नये, लगेच रुग्णालयात जावं. गळणाऱ्या पाण्यात बीटा-टू ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन आहे का ते तपासतात, कारण ते मेंदूच्या पाण्यात असतं, नाकाच्या स्रावात एरवी नसतं. डोकं उंच ठेवून विश्रांती घेतली की अपघातातली बरीच गळती आपोआप थांबते, न थांबल्यास दुर्बिणीतून भोक बुजवतात. ती तशीच राहू दिली तर नाकातले जंतू त्याच वाटेने वर जातात आणि मेंदूज्वर होतो.

जंतूंना या वाटेने चढायला तडाच लागतो असंही नाही. १९३०च्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांत पोलिओचा विषाणू नाकातून, वासाच्या तंतूंवरून मेंदूत जाताना दिसला होता. १९३७च्या साथीत टोरांटोच्या डॉक्टरांनी ही वाट बंद करण्यासाठी सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात, अगदी छतापर्यंत, झिंक सल्फेटचा फवारा मारला. पोलिओ थांबला नाही, कारण माणसात तो मुख्यतः तोंडावाटे आतड्यात शिरतो. काही मुलांचा वास मात्र गेला. जस्त गंधपटलाला विषारी आहे हे त्यातून कळायला हवं होतं. तरी पुढे सर्दीवर जस्ताचे नाकात घालायचे जेल विकले गेले आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्यांविरुद्ध इशारा द्यावा लागला.

आज या वाटेचा खरा गैरफायदा घेणारा जीव म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. तो कोमट गोड्या पाण्यात, तळ्यात, नीट क्लोरीन न घातलेल्या टाक्यांत वाढतो. प्यायलेल्या पाण्यातून तो काही करत नाही. पाणी जोराने नाकात चढलं की तो गंधपटलाला चिकटतो, वासाच्या जुड्यांच्या बाजूने चाळणीतून वर सरकतो आणि गंधकंदापासून मेंदू खायला सुरुवात करतो. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झालेले बहुतेक रुग्ण दगावतात. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. आपल्याकडे जलनेती करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी नळाचं किंवा विहिरीचं पाणी तसंच वापरू नये. उकळून गार केलेलंच पाणी घ्यावं आणि नेतीचं भांडं प्रत्येक वेळी धुऊन कोरडं करावं.

माराने गेलेल्या वासावर खात्रीचं औषध आज नाही. थोडाफार उपयोग दिसला आहे तो वासाच्या सरावाचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळी-संध्याकाळी प्रत्येकी काही सेकंद, मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. विषाणूने गेलेल्या वासात याचा फायदा जास्त, माराच्या रुग्णांत कमी. तरीही खर्च जवळजवळ नसलेला आणि धोका नसलेला हा उपाय प्रत्येकाने करून पाहावा असं माझं मत आहे.

तोवर घर सुरक्षित करायला हवं. गॅसगळती ओळखणारं यंत्र जमिनीलगत बसवावं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहावी, कारण आंबलेली भाजी आता नाक सांगणार नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी स्वयंपाकघराची रोजची जबाबदारी वाटून द्यावी.

आणि एक विनंती डॉक्टरांना, विशेषतः अपघात विभागातल्या. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कागदावर पुष्कळदा लिहिलेलं असतं की दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे मज्जातंतू ठीक आहेत. पहिला तपासलेलाच नसतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि नाकात रक्त साचलेलं नसेल, तर त्याला घरी सोडण्याआधी दोन्ही नाकपुड्यांखाली कॉफीची पूड धरून विचारा. मिनिटभर लागतं, आणि महिनाभराने शेगडीजवळ कळण्याऐवजी त्याच दिवशी कळतं.